पांढऱ्या कपड्यांवरचे गंजाचे डाग: तुमचे अनुभव सांगा

जांभ्याचं_अंगण

आमचं घर कुडाळजवळच्या गावात. एप्रिलपर्यंत विहीर पुरते, पुढे पाऊस पडेपर्यंत सगळं बोअरच्या पाण्यावर. हे पाणी उपसताना अगदी नितळ असतं. बादलीत रात्रभर राहिलं की वर तेलकट दिसणारा तवंग येतो आणि तळाला तांबूस गाळ बसतो. माझी नणंद नर्स आहे, तिचे पांढरे सुती युनिफॉर्म याच पाण्यात धुतले जातात.

डाग दोन तऱ्हेचे पडतात. एक म्हणजे सगळ्या कापडावर हळूहळू चढत जाणारी पिवळट झाक. दुसरे ठळक, नारिंगी-तपकिरी डाग. ते पत्र्याच्या जुन्या बादलीमुळे येतात. तिचा जस्ताचा मुलामा बुडाच्या शिवणीला उडालाय, आणि कपडे भिजत ठेवले की तळाशी असलेल्या कपड्यावर अर्धगोल रेघ उमटते. बादली आता अंगणात झाडांसाठी ठेवली आहे, पण डाग पडलेले कपडे टाकवत नाहीत.

ज्यांनी असे डाग खरोखर काढलेत त्यांनी कृपया नीट सांगा: कापड कोणतं, पाणी कोणतं, काय लावलं, किती वेळ ठेवलं. जमलं नसेल तर तेही लिहा.

बिंबलाची_सावली

आमच्या मालवणात दारात बिंबलाचं झाड असतंच. कोणी बिलिंबी म्हणतात. पांढऱ्या कपड्यावर गंज लागला की आई साबण लावू द्यायची नाही. आधी पिकलेलं बिंबल कुस्करून रस डागावर चोळायचा, वर थोडं मीठ, आणि कपडा उन्हात ठेवायचा. सुकत आला की पुन्हा रस. डाग फिका होऊन पिवळसर सावली उरली की साध्या पाण्यात चांगला खळबळून घ्यायचा आणि मगच साबण. माझ्या सासऱ्यांच्या धोतरांवर मी हेच करते. ताजा डाग हमखास जातो. वर्षभर धुऊन धुऊन बसलेला डाग मात्र बिंबलाने नुसता फिका होतो, पूर्ण जात नाही.

बिंबल नसेल तर लिंबू चालतं, पण वेळ जास्त लागतो. चिंच लावू नका, तिचाच रंग बसतो.

सोसायटी_सचिव

ताई, तुमचं पाणी जड आहे, हेच मूळ कारण. आमच्या पुण्याजवळच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिश्र पाणी येतं, सगळ्यांचे कपडे पिवळट-करडे आणि कडक व्हायचे. सॉफ्टनर बसवला आणि फरक पडला. जुन्या कपड्यांसाठी बाजारातलं पातळ ब्लीच पाण्यात टाकून भिजवा, पांढऱ्याला काही होत नाही.

कोरं_कापड

सचिवसाहेब, सॉफ्टनरचा तुमचा अनुभव खरा आहे, पण ब्लीचचा सल्ला इथे कोणी घेऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसमध्ये नोकरी केली, कापड धुणं आणि ब्लिचिंग हेच काम.

जड पाणी आणि लोखंडाचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. त्याने साबणाला फेस येत नाही, कापड करडं आणि ताठ होतं, बादलीला पांढरा थर बसतो. त्याने नारिंगी डाग पडत नाही. ताईंनी लिहिलेला तांबूस गाळ आणि तवंग लोखंडाचा. जमिनीखाली लोखंड विरघळलेलं असतं म्हणून पाणी नितळ दिसतं, हवा लागली की त्याचा गंज होऊन खाली बसतो. हेच कापडाच्या धाग्यात घडलं की डाग. काही बोअरमध्ये दोन्ही दोष एकत्र असतात आणि मग उपायही बदलतो, ते खाली सांगतो.

ब्लीच काय करतं? जे लोखंड अजून विरघळलेलं आहे त्याचाही गंज करून धाग्यात पक्कं बसवतं. धुण्याचा सोडाही तेच करतो. आमच्याकडे कोऱ्या कापडावर लूमच्या लोखंडाचे ठिपके असायचे. ते न काढता पेरॉक्साइडच्या ब्लिचिंगला गेले, तर जिथे ठिपका तिथे कापड कमजोर होऊन बारीक भोक पडायचं. म्हणून आधी डाग काढायचा, ब्लिचिंग नंतर.

डाग गंजाचाच आहे का, हे आधी पाहा. शिवणीच्या आतल्या बाजूच्या डागावर लिंबाचे थेंब टाका आणि अर्धा तास उन्हात ठेवा. कडा फिकट झाल्या तर गंज. ढिम्म हलला नाही, तर बहुधा चहा किंवा झाडाचा चीक.

जुन्या डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. मार्बल पॉलिशचं सामान विकतात तिथे पांढरे खडे किंवा पूड मिळते. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चहाचा चमचा. भांडं प्लास्टिकचं किंवा चिनी मातीचं घ्या, लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नको. हातात रबरी मोजे. कपडा आधी साध्या पाण्याने ओला करून डागाचा भाग दहा-पंधरा मिनिटं त्यात बुडवा. डाग बघता बघता उतरतो. न उतरल्यास द्रावण बदलून पुन्हा ठेवा, कडक करू नका. नंतर चार-पाच पाण्यांतून खळबळून काढा. ही पायरी कोणी गाळू नये. ॲसिड कापडात राहिलं आणि वरून इस्त्री फिरली की सुती धागा तिथेच जळाल्यासारखा होऊन पुढच्या धुण्यात फाटतो.

आता जडपणाचा मुद्दा. ऑक्झॅलिक आणि जड पाणी भेटलं की कॅल्शियमचा पांढरा बारीक चुरा धाग्यात बसतो, कापड खरखरीत लागतं, आणि तो चुरा साध्या धुण्याने निघत नाही. म्हणून द्रावण आणि पहिली दोन-तीन पाणी पावसाच्या किंवा दुसऱ्या मऊ पाण्याची असावीत. तसं पाणी नसेल, तर ऑक्झॅलिकऐवजी लिंबूसत्त्व वापरा: एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, दोन-तीन तास. सावकाश काम करतं, पण चुरा धरत नाही.

ऑक्झॅलिक विषारी आहे आणि दिसायला मिठासारखं. स्वयंपाकघरात ठेवू नका, डब्यावर नाव लिहा. आणि ब्लीच लावलेल्या ओल्या कपड्यावर कुठलंही ॲसिड घालू नका, क्लोरीन वायू निघतो.

केळीबाग

आम्ही रावेरकडचे. घड उतरवताना सदऱ्यावर चीक पडतो, आधी दिसत नाही, दोन दिवसांनी काळा-तपकिरी होतो. गावात सगळे त्याला गंजासारखाच समजतात. मीही लिंबू-मीठ लावून पाहिलं, काहीच झालं नाही. वरचं ऑक्झॅलिक याला चालेल का?

कोरं_कापड

दादा, तुमचा डाग गंजाचा नाही, त्यामुळे तुमच्या लिंबाने दिलेलं उत्तर बरोबरच आहे. चिकात तुरटपणा असतो, तो हवेने तपकिरी होतो आणि विळ्याचं लोखंड लागलं तर काळा पडतो. काळी छटा ऑक्झॅलिकने उतरेल, तपकिरी तशीच राहील. तपकिरीसाठी पांढऱ्या सुतीवर ब्लीच वापरून पाहता येईल, पण आधी लोखंडाचा अंश काढून, कापड भरपूर पाण्याने धुऊन आणि वाळवून. पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही.

मिनेसोटाची_थंडी

इथे गावाबाहेर घर घेतलं तर पाणी स्वतःच्या विहिरीचं, आणि त्यात लोखंड भरपूर. शेजारणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, मशीनमध्ये ब्लीच टाकू नकोस. इथे गंज काढायची पूड मिळते, सोडियम हायड्रोसल्फाइटची, तिकडे रंगारी ज्याला हायड्रोस म्हणतात. पांढऱ्या कपड्यांचं पूर्ण मशीन भरून, गरम पाण्यात, पूड टाकून फिरवते. सगळ्या कापडावर चढलेली पिवळट झाक यानेच जाते. ठिपके पुसून वेळ घालवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवते. रंगीत कापडाचा रंगही ही पूड उतरवते, त्यामुळे रंगीत मोजा चुकूनही आत जाता कामा नये.

सॉफ्टनर आमच्याकडेही आहे. थोडं लोखंड तो धरतो, पण जास्त असलं की त्यातले दाणेच लाल होऊन निकामी होतात. म्हणून आमच्याकडे त्याच्या आधी लोखंडाचा वेगळा फिल्टर आहे.

जांभ्याचं_अंगण

सगळ्यांचे आभार. नणंदेचा एक जुना युनिफॉर्म घेऊन केलं, ते लिहिते. लिंबाच्या थेंबाने रेघेची कड फिकट झाली, म्हणजे गंज नक्की. द्रावणाला शेजारच्या विहिरीचं पाणी आणलं, आमच्याकडे ते मऊ असतं, साबणाला भरपूर फेस येतो. ऑक्झॅलिकमध्ये बुडवल्यावर अर्धगोल रेघ पहिल्याच वेळी बरीच उतरली, दुसऱ्या द्रावणात संपली. शिवणीच्या दुमडलेल्या जागी मात्र बारीक पिवळी धार राहिली आहे, तिथे द्रावण पोचत नसावं.

पिवळट झाकेसाठी दुसरा युनिफॉर्म लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात दुपारभर ठेवला. उजळला, पण नवीन कपड्याशेजारी धरला की फरक दिसतो.

बोअरच्या पाण्याचं आता असं करतो: मोठ्या टाकीत पाणी उंचावरून झारीसारखं पाडतो, रात्रभर ठेवतो आणि तळापासून वीतभर वर बसवलेल्या नळाने वरचं पाणी कपड्यांना घेतो. गाळ टाकीतच राहतो. तरी शेवटचं पाणी विहिरीचंच देते.

बिंबलाची_सावली

झारीची युक्ती चांगली आहे. आमच्याकडे त्याखाली वाळूचा पिंपही ठेवतात, पण वाळू लाल झाली की धुवावी लागते, नाहीतर गाळ पुन्हा पाण्यात उतरतो.

मला एक विचारायचंय. सासऱ्यांच्या धोतराला लाल काठ आहे आणि गंजाचा डाग अगदी काठाला चिकटून आहे. ऑक्झॅलिकने काठाचा रंग उतरेल का?

कोरं_कापड

रंग कोणता वापरलाय त्यावर आहे. काठाच्या आतल्या टोकावर थेंब टाकून दहा मिनिटांनी पांढऱ्या कपड्याने दाबून पाहा. रंग लागला नाही, तर कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा, बुडवू नका.

मिनेसोटाची_थंडी

मी तरी काठाजवळ ऑक्झॅलिक लावणार नाही. थेंबाला टिकलेला रंग पुढच्या धुण्यात पसरलेला मी पाहिलाय. काकू, तिथे बिंबलच लावा, अर्धा डाग राहिला तरी चालेल.