मदत हवी आहे: ‘तो’ की ‘ती’, हे शेवटच्या पत्रापर्यंत कसं झाकू?

एक कथा लिहितेय. नायिका अनुवादक आहे, दिवंगत आजीची बंगाली पत्रं मराठीत आणतेय. चौदांपैकी अकरा झालीत, छपाईला तीन दिवस उरलेत. आजी एका व्यक्तीबद्दल सतत ‘शे’ लिहिते. बंगालीत या सर्वनामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. ती बाई होती की पुरुष, हे नायिकेला चौदाव्या पत्रातच कळतं. वाचकालाही तेव्हाच कळावं अशी इच्छा आहे.

मराठी मात्र दुसऱ्याच वाक्यात चुगली करते. ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना आवडलं’ इथपर्यंत लपतं, पण ‘आले’ की ‘आल्या’ म्हटलं की संपलं. शिवाय आदरार्थी रूपाने जवळीक जाते. आजीचं ‘शे’ बरोबरीच्या माणसाचं आहे. ‘ती व्यक्ती’ पंचनाम्यासारखं वाटतं. भविष्यकाळ त्यातल्या त्यात बरा: ‘उद्या येईल, दारातूनच हाक मारेल.’ पण अख्खं पत्र भविष्यकाळात कसं चालेल?

नायिकेने आधी सरळ ‘तो’ धरायचं आणि शेवटी अकराही पत्रं पुन्हा लिहायला बसायचं, असाही एक खर्डा केला. घाई छान आली, पण वाचकाला फसवल्यासारखं वाटलं.

भाषा बदलायची नाही, तळटीपही नको. भूतकाळातल्या ‘आला-गेला’च्या वाक्यांचं काय करू? की फसवणूकच ठेवू, पण नायिकेची चूक म्हणून आधीपासून दिसेल अशी?