मैत्रीण कायमची नागपूरला येतेय, तिच्या खोलीतला कूलर भेट म्हणून नीट करून द्यायचाय: अनुभव सांगा

प्रतापनगर: मैत्रीण अकरा वर्षांनी घरी येतेय. आधी पुण्याचं होस्टेल, मग बंगळुरूची पीजी. एप्रिलअखेर पोचेल. तिच्या खोलीतला लोखंडी कूलर दोन उन्हाळे बंद आहे. तिच्या आईबाबांना विश्वासात घेऊन तो आधीच तयार करून ठेवायचा विचार आहे. काय काय बघावं?

महाल, कूलरचं काम: ताई, आधी गवत बदलू नका, आधी टाकी पाहा. गंज खरवडा, टाकी भरा आणि रात्रभर खाली कोरडा कागद अंथरून ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर गळती नेमकी कुठून आहे तेही कळतं. तिथे एम-सील लावा, वाळलं की आतून डांबरी रंगाचा हात द्या. त्यानंतर गवत. तिन्ही ताट्यांत सारखं पसरा, दाबून भरू नका. जास्त दाबलं तर हवा ओढली जात नाही, अन् विरळ राहिलं तर त्या भोकातून गरम झोत सरळ आत येतो. वरच्या पाइपाची भोकं टाचणीनं मोकळी करा, बोअरच्या पाण्यानं तिथे पांढरा थर बसतो. मोटार चालू करून दहा मिनिटांनी ताटी पाहा. उभा कोरडा पट्टा दिसला म्हणजे त्याच्या वरचं भोक बंद आहे. नव्या गवताचं पहिलं पाणी पिवळं येतं, वासही येतो. दोन-तीन तास चालवून ते फेकून द्या, मग मैत्रिणीला हवा दाखवा.

खामला: बाहेर जाणाऱ्या मैत्रिणीला संत्रा बर्फीच द्या, आठवडाभर टिकते.

प्रतापनगर: काकू, ती जात नाहीये, येतेय. 😊

धरमपेठ: टाकीत बर्फ टाका, दुपटीनं गार होते हवा. आमच्याकडे मे महिन्यात रोज टाकतो.

महाल, कूलरचं काम: भाऊ, थोडा वेळ फरक पडतो हे खरं, पण दुप्पट नाही. गारवा येतो तो पाणी उडून जाण्यातून. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या जवळपास सातपट एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. बर्फाच्या पैशात चांगली मोटार येते.

मानेवाडा: माझा प्रश्न वेगळाय. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो, घरमालक खिडकीला कूलर बसवू देत नाही. अशावेळी काय करावं?

त्रिमूर्तीनगर, गृहसजावट: मानेवाड्याच्या भाऊंनी घरमालकाला विचारून खोलीतच ठेवायचा छोटा कूलर घ्यावा, पण तो उघड्या खिडकीला टेकवून, बाहेरची हवा ओढेल असा.

प्रतापनगर ताई, तुमच्या भेटीतली खरी अडचण वेगळी आहे. होस्टेलमधून आलेल्या मुलीला रात्री दार लावून झोपायची सवय असते. आपल्याकडे कूलर चालू असला की सगळी दारं उघडी. तिनं दार लावलं की हवा बाहेर जायला वाट उरत नाही, तासाभरात चादर ओलसर लागते, अंग चिकट होतं. मग आई "दार उघड" म्हणते आणि पहिल्याच आठवड्यात कुरबुर सुरू होते. म्हणून कूलरसोबत दुसऱ्या बाजूची वाट द्या. समोरची खिडकी वीतभर उघडी राहील अशी आकडी बसवा, जाळीसह. खिडकी नसेल तर वरच्या झरोक्यात बाहेर फेकणारा छोटा पंखा. पारख सोपी आहे: दार लावून कूलर चालवा आणि त्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. आत घुटमळला तर हवा तिथून नीट बाहेर जात नाहीये.

धंतोली, इलेक्ट्रिशियन: हे सगळं करण्याआधी वायर बघा. जुन्या कूलरचं लोखंडी अंग आणि ओला हात, म्हणजे जिवाशी खेळ. तीन पिनांची वायर, अर्थिंग खरंच जोडलंय का ते तपासून घ्या, शक्य असेल तर त्या लाइनवर करंट गळताच वीज तोडणारा 30 मिलीॲम्पियरचा इएलसीबी बसवा. पाणी भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

रामदासपेठ: आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासायची, हे तिला नक्की सांगा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, कोरडी पडली तरी टिकतात.

धरमपेठ: गवतापेक्षा वाळ्याच्या ताट्या द्या, सुवास येतो.

महाल, कूलरचं काम: वाळा महाग पडतो आणि माल सारखा येत नाही. कुणी वाळ्याचं नाव घेतं, कुणी हनीकोंबचं. आमच्या दुकानात रोज यावरून वाद होतो, दोन्ही बाजूंचे लोक तेवढेच ठाम असतात.

प्रतापनगर: गवतच घेते. तिच्या खोलीला समोरची खिडकी आहे, पण तिच्यासमोर बाबांनी कपाट ठेवलंय. ते हलवायला उद्या जातेय, उदबत्ती घेऊन.