शब्दचर्चा: ‘क्वांटायझेशन’ आणि ‘डिस्टिलेशन’ या दोन्हींना ‘संक्षेपण’ चालेल का?

ऋजुता: फोनवर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. त्यात हे दोन शब्द पानोपानी येतात. दोन्हींमुळे मॉडेल लहानच होते, म्हणून दोन्हींसाठी ‘संक्षेपण’ योजावे असा माझा विचार आहे. कोणाचा आक्षेप असल्यास कळवावा.

शंतनू: क्वांटम म्हणजे पुंज, ‘पुंजवाद’ तर आपल्याकडे रुळलेलाच आहे, तेव्हा क्वांटायझेशनला ‘पुंजीकरण’ हा सरळ शब्द उपलब्ध असताना नवा शोधण्याचे कारण दिसत नाही.

मधुसूदन: ऋजुताताई, एकच शब्द योजल्यास वाचकाची दिशाभूल होईल. क्वांटायझेशनमध्ये मॉडेल तेच राहते, फक्त त्यातील वजने, म्हणजे शिकताना मॉडेलने ठरवलेले आकडे, कमी बिटांत लिहिली जातात. डिस्टिलेशनमध्ये मोठ्या मॉडेलच्या उत्तरांवरून दुसरेच, लहान मॉडेल शिकवले जाते.

एक उदाहरण पाहू. मॉडेलच्या एका थरातील सर्वांत मोठे वजन 1.27 आहे आणि आठ बिटांत आपल्याला शून्याच्या दोन्ही बाजूंना 127 पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी 0.01 ची झाली. 0.42 हे वजन 42 व्या पायरीवर नेमके बसते आणि 0.034 तिसऱ्या पायरीवर जाऊन 0.03 होते; एवढी चूक सहसा खपून जाते. आता त्याच थरात एकच वजन 12.7 निघाले, तर पायरी 0.1 ची होते, 0.42 चे 0.4 होते आणि 0.034 चे चक्क शून्य. एका आडदांड आकड्यापायी बाकी सगळे भरडले जातात. म्हणूनच मला ‘पायरीकरण’ हा शब्द सुचतो. शंतनूंचा ‘पुंजीकरण’ व्युत्पत्तीला धरून आहे, पण तो वाचताच मनात भौतिकशास्त्र येते.

नीलिमा: म्हणजे हे झिप फाइलसारखेच झाले ना? फोनवर उघडल्यावर मूळ आकडे परत मिळत असतील, तर अचूकतेचा प्रश्नच का यावा?

मधुसूदन: नाही, परत मिळत नाहीत. 0.034 चे एकदा 0.03 झाले की ते 0.031 होते की 0.034 हे कोणालाही सांगता येणार नाही. झिपमध्ये काहीच हरवत नाही, येथे मात्र हरवते. ‘संक्षेपण’ नको म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

सलील: माझा अनुभव सांगतो, शब्दाशी संबंध किती ते आपण ठरवा. हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरे ओळखणारे एक छोटे मॉडेल मी आठ बिटांवर आणले. एकूण अचूकता जवळपास तेवढीच राहिली, म्हणून मी निश्चिंत होतो. नंतर अक्षरवार तक्ता काढला, तेव्हा बहुतेक नव्या चुका ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातच साचलेल्या दिसल्या. तेच चित्र मूळ आणि नव्या मॉडेलला देऊन प्रत्येक थराचे निष्पन्न शेजारीशेजारी ठेवले, तर एका थरापासून दोघांची फारकत होत होती. त्या थरातील चॅनेलांची, म्हणजे वजनांच्या गटांची, वजने फारच वेगवेगळ्या आवाक्याची होती आणि मी सर्वांना मिळून एकच पायरी दिली होती. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र पायरी दिल्यावर बहुतेक चुका गेल्या.

शंतनू: पायरी स्वतंत्र करता येते हे मला ठाऊक नव्हते. मग ‘पूर्णांकन’ कसे वाटते? शेवटी जवळचा पूर्णांकच घेतो ना?

मधुसूदन: ते एकच पाऊल झाले. पायरी किती उंच ठेवायची हा खरा निर्णय असतो. शिवाय काही चार बिटांच्या पद्धतींत पायऱ्या समान अंतरावरही नसतात.

ऋजुता: ‘संक्षेपण’ मागे घेते. डिस्टिलेशनला मग रसायनशास्त्रातले ‘ऊर्ध्वपातन’ चालेल का?

मधुसूदन: 2015 मध्ये हिंटन, विन्याल्स आणि डीन या संशोधकांनी हे रूपक प्रचलित करताना, गुणांवरून संभाव्यता काढण्याच्या सूत्रात गुणांना भागणारे ‘तापमान’ही ठेवले होते, त्यामुळे तो शब्द अगदीच परका नाही. सलील यांचीच अक्षरे घेऊ. मोठे मॉडेल ‘ध’ला 6, ‘घ’ला 3 आणि ‘क’ला 0 गुण देते. तापमान 1 असताना संभाव्यता साधारण 0.95, 0.05 आणि 0.002 येतात, तापमान 3 केले की 0.67, 0.24 आणि 0.09. ‘ध’ हा ‘घ’सारखा दिसतो, ‘क’सारखा तितकासा नाही, ही मोठ्या मॉडेलची जाण आता लहानग्याला स्पष्ट दिसते. नुसते ‘ध’ एवढेच उत्तर दिले असते तर ती दिसली नसती. अर्थात मोठ्याच्या चुकाही लहानगे मन लावून शिकते.

नीलिमा: पण ऊर्ध्वपातनात मूळ द्रव भांड्यातून उडून जातो. येथे मोठे मॉडेल जसेच्या तसे राहते. ‘ज्ञानार्क’ म्हणावे काय?

सलील: ‘ज्ञानार्क’ औषधाच्या बाटलीवर शोभेल. अर्कातही पुन्हा मूळचाच अंश येतो. येथे लहान मॉडेलमध्ये मोठ्याचे एकही वजन नसते.

ऋजुता: तूर्त ‘पायरीकरण’ घेते आणि डिस्टिलेशन देवनागरीत तसेच ठेवते. मात्र ‘क्वांटाइज्ड मॉडेल’ अजून अडते आहे. ‘पायरीकृत’ कानाला खटकते.

मधुसूदन: तेथे ‘आठ-बिटी मॉडेल’ लिहावे. आम्ही बोलतानाही तसेच म्हणतो.

शंतनू: माझे मत अजूनही ‘पुंजीकरण’लाच आहे.