कांदा-लसूण मसाला: स्कीम वाढवू की फळीचं भाडं देऊ?

कराडचा_मसाला: आमचा घरगुती कारखाना आहे. १०० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी ६० रुपये, दुकानदाराला ४८ ला देतो. जूनमध्ये हडपसर-मांजरी भागात एजन्सीमार्फत माल उतरवला, १२ वर २ फुकट. पहिल्या फेरीत ६० दुकानांनी घेतला, दुसऱ्या फेरीत फक्त ९ जणांनी. भाऊ म्हणतो १२ वर ३ करू, शिवाय जास्त माल उचलणाऱ्या पाच जणांना गोव्याची ट्रिप देऊ. मला वाटतं तेच पैसे डिस्प्लेला द्यावेत, दुकानामागे महिना ३०० रुपये. दुकानदारानं सुहाना, बेडेकर, कुबल सोडून आपलं पाकीट पुढे करावं यासाठी काय करू?

लाईनवरची_२२_वर्षं: मी मसाला आणि पापड-लोणच्याच्या एजन्सीत ऑर्डर घेत फिरलो आहे. १२ वर ३ करू नका. दुकानदाराच्या गल्ल्यात बसून हिशेब करून बघा.

त्यानं तुमची १२ पाकिटं ५७६ रुपयांना घेतली, हातात आली १४. पडता झाला ४१ रुपये १४ पैसे. एका पाकिटामागे जवळजवळ १९ रुपये सुटतात, कागदावर उत्तमच. आता शेजारचं चालतं पाकीट धरा. समजा तेही ६० चंच आहे, त्याला ५४ ला पडतं, सुटतात फक्त ६. पण ते महिन्याला ४० जातात, म्हणजे २४० रुपये, आणि गुंतलेले पैसे आठ-दहा दिवसांत मोकळे. तुमची महिन्याला पाच गेली तर १४ संपायला पावणेतीन महिने लागतात आणि सगळी विकून सुटतात २६४. तेवढ्या काळात चालत्या पाकिटानं साडेसहाशेच्या वर दिलेले असतात. तिसरं फुकट पाकीट दिलंत तर त्याच्या फळीवर अजून एक न विकलेलं पाकीट वाढेल, बाकी काही बदलणार नाही.

तुम्ही पहिल्याच फेरीत तीन महिन्यांचा माल भरून ठेवलात. महिन्याभरात दुसरी ऑर्डर येणार कुठून? त्या ५१ दुकानांनी मसाला नाकारला असं समजू नका. त्यांच्याकडे जुनाच पडून आहे. खात्री करायची तर स्वतः जा आणि पाकिटाच्या पाठीवरची तारीख बघा. जूनचीच बॅच पुढे उभी असेल, वर धुळीचा थर असेल, तर माल भरला गेला आहे, विकला गेलेला नाही.

मी असतो तर पहिल्यांदा सहाच पाकिटं दिली असती, फुकट काही नाही. ३० दिवसांत दुसरी ऑर्डर आली की तिच्यावर एक फुकट. बक्षीस माल उचलण्याला द्यायचं नाही, विकून परत मागण्याला द्यायचं.

गल्ल्यावरून: माझं स्वतःचं किराणा दुकान आहे, म्हणून या बाजूनं लिहितो. वरचा हिशेब बरोबर आहे, पण सहा पाकिटं घेऊन तुमच्याकडे मी लक्षही देणार नाही. सहा पाकिटं फळीवर दिसत नाहीत. चार पदरी मांडणी असेल तरच गिऱ्हाइकाची नजर थांबते.

आम्ही नवा माल पुढे का करत नाही, ते ऐका. गिऱ्हाईक रोजचं असतं. मी म्हटलं "ताई, हा घेऊन बघा" आणि आमटीला रंग आला नाही, तर ती मसाल्याबद्दल बोलत नाही, "तुम्हीच दिलात" म्हणते. १९ रुपयांसाठी मी ते गिऱ्हाईक पणाला लावणार नाही. पाकीट तिला आवडलं नाही तर ते उघडलेलं पाकीट तुम्ही परत घेणार का? आणि मुदत संपलेलं? मागे एका मसालेवाल्यानं माझ्याकडून २३ पाकिटं "बदलून देतो" म्हणून नेली. माणूस बदलला, वही बदलली, ना माल आला ना पैसे. तेव्हापासून नव्या कंपनीचा माणूस आला की मी आधी परतीचं विचारतो, स्कीमचं नंतर.

ब्रँडवाली_पुणे: मूळ प्रश्नच चुकतोय असं माझं मत आहे. दुकानदार काहीच खपवत नाही, गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं आणि तो देतो. सगळा पैसा गिऱ्हाइकावर लावा. रील्स करा, सोसायट्यांमध्ये नमुने वाटा. मागणी आली की दुकानदार स्वतः एजन्सीला फोन करेल, स्कीम लागणारच नाही.

लाईनवरची_२२_वर्षं: साबण, चहा, टूथपेस्ट यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पण कांदा-लसूण मसाला मागताना निम्मी गिऱ्हाइकं नाव घेत नाहीत. "कांदा-लसूण द्या, तिखट हवा" एवढंच म्हणतात. तिथे दुकानदाराचा हात कुठल्या पाकिटाकडे जातो यावरच सगळं आहे. आणि रील पाहून दुकानात आलेल्या बाईला पाकीट दिसलंच नाही तर ती शेजारचं घेऊन जाते.

ब्रँडवाली_पुणे: नाव न घेणाऱ्यांचा मुद्दा पटला. तरी चव कळल्याशिवाय दुसऱ्यांदा कोणी घेत नाही, आणि चव कळवायचं काम दुकानदाराच्या अंगावर टाकणं मला अजूनही चूक वाटतं.

मेतकूट_बचतगट: डिस्प्लेचं म्हणाल तर आमचा अनुभव चांगला आहे. भीमथडी जत्रेत स्टॉल लावला होता. गरम भात, वर मेतकूट आणि तूप, असं छोट्या द्रोणात दिलं. तिसऱ्या दिवशी माल संपला. तुम्हीही स्टॉल घ्या.

कराडचा_मसाला: ताई, मी दुकानातल्या फळीबद्दल विचारत होतो, प्रदर्शनाबद्दल नाही. पण द्रोणाची कल्पना लिहून ठेवली. आमच्या मसाल्याची पिठल्याबरोबर चव देता येईल.

आकडेमोड: डिस्प्लेचे ३०० रुपये कोणीच मोजून पाहिले नाहीत. तुम्ही एजन्सीला काय भावानं देता आणि पाकीट तुम्हाला कितीला पडतं?

कराडचा_मसाला: एजन्सीला ४४. मिरची, खोबरं, पाकीट, गाडीभाडं धरून ३२ ला पडतं.

आकडेमोड: म्हणजे पाकिटामागे १२ रुपये. ३०० भरून यायला त्या दुकानात महिन्याला २५ पाकिटं जास्तीची विकली पाहिजेत. आज पाच जातात असं वर धरलंय. पाचाची तीस करणारी फळी मी पाहिलेली नाही. ६० दुकानांना द्याल तर महिना १८ हजार जातील आणि बरीचशी दुकानं ते पैसे चालत्या कंपनीच्या मांडणीवरच लावतील.

त्याऐवजी भाडं मालात द्या. महिन्याला तीन पाकिटं. दुकानदाराच्या दृष्टीनं १८० रुपये, तुम्हाला पडतात ९६. आठ पाकिटं जास्त गेली की खर्च निघाला. तेही सगळ्यांना नको. ज्या ९ जणांनी दुसऱ्यांदा मागितलं, त्यांच्यापासून सुरुवात करा, तिथे विक्री सिद्ध झाली आहे.

गोव्याच्या ट्रिपबद्दल: जुलै २०२२ पासून धंद्याच्या निमित्तानं एका माणसाला वर्षात २० हजारांपेक्षा जास्तीची अशी भेट दिली तर १० टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. धंदा तुमच्या स्वतःच्या नावावर आणि उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर ही जबाबदारी येत नाही. तरी आधी तुमच्या सीएला विचारा.

गल्ल्यावरून: माल चालत असेल तर मालात भाडं मला चालेल. चालत नसेल तर तुम्ही मला तुमचाच पडून राहणारा माल देताय आणि वर फळीही अडवताय. पहिले दोन महिने रोख द्या, मग मालात.

आकडेमोड: पहिले दोन महिने रोख, आणि पैसे महिनाअखेरीस, फळी बघूनच. आगाऊ दिलेल्या भाड्याची पाकिटं आठवड्यात मागच्या रांगेत जातात.

गल्ल्यावरून: अचानक येऊन बघा, माझी हरकत नाही. पण फोटो काढायला रोज माणूस पाठवू नका, गिऱ्हाईक उभं असतं.

लाईनवरची_२२_वर्षं: फळी कुठली ते लिहायचं राहिलं. दर्शनी रॅक म्हणून उन्हात टांगू नका. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात मी लाल मसाला पंधरा दिवसांत विटकरी होताना पाहिला आहे. पाकिटाला पारदर्शक खिडकी असेल तर अजून लवकर. मग तेल सुटतं, पाकिटाच्या कडेला डाग येतो आणि गिऱ्हाईक तारीख न बघता "जुना आहे" म्हणून ठेवून देतं. पावसाळ्यात याच मसाल्याचे खडे होतात, खालच्या फळीवर ओल असते. डोळ्याच्या उंचीची, डाळी-शेंगदाण्याच्या शेजारची जागा मागा. १० रुपयांच्या पुडीची लडी काढलीत तर ती गल्ल्याजवळ टांगता येईल. नवी चव बघायला ६० रुपये घालणारे कमी असतात.

आणि जूनचा मुहूर्त मला पटला नाही. एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला कांडून येतो. तुमच्या भागातून पुण्यात आलेल्या घरांत गावाकडून डबा आलेलाच असतो. तो दिवाळीच्या पुढे खाली होऊ लागतो.

ब्रँडवाली_पुणे: हे मात्र मला माहीत नव्हतं. म्हणजे नमुने वाटायचे तर डिसेंबर-जानेवारीत.

एजन्सी_सोलापूर_रोड: १२ वर ३ करायच्या आधी एक धोका लक्षात घ्या. एवढी स्कीम असली की होलसेलवाला पेट्या उचलतो आणि फुकट पाकिटांचे पैसे भावात सोडून छोट्या दुकानांना ४२-४३ ला देतो. मग तुमच्या एजन्सीकडून ४८ ला कोण घेईल? भाव एकदा फुटला की सावरायला वर्ष जातं. २०२२ च्या सुरुवातीला राज्यातल्या वितरकांनी हिंदुस्तान युनिलिव्हरचा काही माल विकणं थांबवलं होतं, तेही याच दुखण्यावर: घाऊक ऑनलाइन कंपन्यांना स्वस्त आणि आम्हाला महाग. त्यांच्याकडे बोलायला संघटना होती. तुमची एकटी एजन्सी गुपचूप तुमचा माल बंद करेल. आत्ताच तिच्याकडून दुकानवार बिलं मागा. ६० दुकानं म्हणतात, पण त्यातली किती खरी किराणा आणि किती होलसेल?

कराडचा_मसाला: बिलं आज मागवली. ६० पैकी ४ होलसेल निघाले, त्यांनीच एकूण मालाचा तिसरा हिस्सा उचललाय. मला माहीत नव्हतं.

ठरवलं ते असं. १२ वर २ बंद, ट्रिप बंद. ९ दुकानांत तीन महिने डोळ्याच्या उंचीची फळी, पहिले दोन महिने रोख, तिसऱ्यात तीन पाकिटं. रोख ३०० परवडणार नाही, १५० पर्यंत जाईन. बाकीच्या दुकानांतून मुदत तीन महिने उरली असतानाच माल उचलून या ९ मध्ये फिरवणार आणि परतीचं पाकीट तिथल्या तिथे वहीत लिहून सही देणार. उघडलेल्या पाकिटाचं अजून ठरत नाही. भाऊ म्हणतो, लोक अर्धं वापरून आणून देतील.

गल्ल्यावरून: आणणारी वर्षाला दोन-तीन असतील. त्या बाईसमोर मी पैसे परत दिले तर ती दुसरं काहीतरी घेऊनच जाते. १५० ला माझी फळी मिळणार नाही, पण उघडं पाकीट घेत असाल तर १५० लाही देईन.

आकडेमोड: उघडी पाकिटं महिन्याला दुकानामागे दोन धरा, ६४ रुपये. फळीचे १५० धरून २१४. म्हणजे १८ पाकिटं जास्तीची विकावी लागतील. अजूनही मला जड वाटतं.