राउटरचे दोन्ही बँड एकाच नावाखाली असताना स्मार्ट प्लग: नावे वेगळी करावीत का?

मंदार: माझा स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि राउटरने २.४ व ५ या दोन्ही बँडना एकच नाव दिले आहे. ॲपमधील चक्र फिरत राहते आणि शेवटी जोडणी अयशस्वी होते. नावे वेगळी करणे हाच उपाय आहे का?

सुनीता: नावे वेगळी करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. प्लगला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, त्यामुळे तो चुकीच्या बँडवर जाऊ शकत नाही. अडचण बहुधा फोनची असते. प्लगचा दिवा भराभर लुकलुकतो त्या पद्धतीत फोन नाव आणि पासवर्ड सांकेतिक रूपात हवेत सोडतो व प्लग ते ऐकून टिपतो. फोन ५ वर असेल, तर ते संकेत प्लगपर्यंत अनेकदा पोहोचत नाहीत. ॲपमध्ये `AP Mode` असेल, तर तो निवडावा. दिवा सावकाश लुकलुकू लागला की प्लग स्वतःचे वाय-फाय सुरू करतो आणि फोन त्याला जोडल्यावर पासवर्ड थेट त्याच्या हाती जातो. त्या वेळी मोबाइल डेटा बंद ठेवावा आणि ‘इंटरनेट नाही’ या सूचनेवरून मागे फिरू नये.

विनायक: मी असहमत आहे. वीज जाऊन आली की एकत्र नावामुळे प्लग गोंधळतो, आणि प्रत्येक नव्या उपकरणासाठी हा खटाटोप कोण करणार? जुने नाव २.४ ला ठेवावे व ५ ला नवे द्यावे, म्हणजे आधी जोडलेली उपकरणे तशीच चालतात.

सुनीता: जुने नाव २.४ ला ठेवण्याची सूचना उत्तम आहे. वेगळे करायचेच असेल, तर तसेच करावे. वीज गेल्याने मात्र प्लग गोंधळत नाही, कारण त्याच्याजवळ नाव आणि पासवर्ड साठवलेले असतात व तो त्या नावाचा २.४ बँडच शोधतो. म्हणूनच ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटे बंद करून जोडणी केली आणि नंतर तो पुन्हा सुरू केला, तरी प्लग जोडलेलाच राहतो.

प्रकाश: प्लग राउटरपासून लांब असेल, तर रेंज वाढवणारे यंत्र घ्यावे.

रेखा: मंदार यांनी अंतराची तक्रार केलेलीच नाही. माझ्याकडे `AP Mode` वापरूनही जोडणी झाली नव्हती. राउटरची सुरक्षा केवळ `WPA3` वर होती. मिश्र पर्यायावरही प्लग अडला आणि फक्त `WPA2` ठेवल्यावर पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. पण एका प्लगसाठी साऱ्या घराची सुरक्षा एक पायरी खाली आणणे मला अजूनही खटकते.

विनायक: मग पाहुण्यांसाठीचे जाळे फक्त २.४ वर `WPA2` ने सुरू करून प्लग तेथे ठेवावा. ज्या राउटरच्या ॲपमध्ये बँड बंद करण्याची सोयच नसते, तेथेही हा मार्ग चालू शकतो.

सुनीता: चालू शकतो, परंतु त्या जाळ्यातील उपकरणे घरच्या जाळ्यापासून बहुधा तोडलेली असतात, मग घरात असूनही फोनचा हुकूम इंटरनेटवरून फिरून येतो आणि इंटरनेट बंद पडले की प्लग ॲपला दाद देत नाही.

विनायक: बटण प्लगवरही असते. मला तेवढे पुरते.