मदत हवी आहे: एसीच्या पॉइंटला १६ अँपिअरचं सॉकेट की ३२ अँपिअरचा डीपी स्विच?

नागपुरात जुन्या फ्लॅटचं वायरिंग नव्याने करतोय. प्लास्टर झालंय, रंग बाकी आहे. बेडरूममधल्या दीड टनाच्या इन्व्हर्टर एसीच्या पॉइंटवर अडलोय.

जुन्या १६ अँपिअरच्या सॉकेटचं एक भोक काळं पडलं होतं आणि प्लगची पिन पिवळट झाली होती. एसीच्या लेबलवर जास्तीत जास्त साडेनऊ अँपिअर लिहिलंय, म्हणजे भार जास्त नव्हता. उघडलं तर त्याच पिनचा स्क्रू ढिला होता. मे महिन्यात रात्रभर एसी चालतो, तापणारच.

आता वायर ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, वेगळी लाइन, २० अँपिअरचा एमसीबी. इलेक्ट्रिशियन म्हणतात, "प्लग कापा, ३२ अँपिअरच्या डीपी स्विचवर थेट जोडा." २५ अँपिअरचं सॉकेट घ्यावं म्हटलं, तर एसीचा १६ अँपिअरचा प्लग त्यात बसत नाही.

भिंतीत ३ मॉड्यूलचा लोखंडी डबा बसलाय. १६ अँपिअरचा स्विच १ आणि सॉकेट २, बरोबर मावतं. पसंत केलेल्या कंपनीचा डीपी स्विच २ मॉड्यूलचा आहे; सोबत सॉकेटही ठेवायचं तर डबा फोडावा लागेल. बायकोला काचेची प्लेट हवी आहे, तीही त्याच मापाची घ्यावी लागेल. एसी वॉरंटीत आहे, म्हणून प्लग कापायला मन धजत नाही.

चांगलं १६ अँपिअरचं सॉकेट घट्ट बसवून एमसीबीही १६ चा केला तर पुरेल, की डीपी स्विचच घ्यावा?