'सेन्झा सोर्दिनो' म्हणजे नक्की काय?

सायली: बीथोव्हनच्या मूनलाइट सोनाटाच्या पहिल्या भागावर 'सेन्झा सोर्दिनो' वाजवा, असं इटालियनमध्ये लिहिलंय. सोर्दिनो म्हणजे आवाज दबका करणारी वस्तू ना? मग ती काढा म्हणायचं आणि वर 'अत्यंत नाजूकपणे' वाजवा म्हणायचं, हे जुळत नाही.

गजधारी: व्हायोलिनच्या घोडीवर बसवतात तो सोर्दिनो. पियानोत तेच काम डावं पेडल करतं. ते वापरू नका, एवढाच अर्थ.

जुनी तार: व्हायोलिनचं बरोबर आहे, इथे मात्र तो अर्थ नाही. इथे सोर्दिनो म्हणजे डॅम्पर. पट्टी सोडली की ते तारेवर टेकतात आणि सूर थांबतो. त्यांच्याशिवाय वाजवायचं म्हणजे ते उचलून ठेवायचे, आज उजव्या पेडलने करतो तसे. सोनाटा 1801 चा आहे. तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोंना बहुधा पट्ट्यांखाली गुडघ्याने ढकलायचा दांडा असे. तुमची शंका अगदीच निराधार नाही, कारण हातोडी आणि तारांमध्ये कापड आणण्याची सोयही काही पियानोंत होती. पण ओपस 26 या सोनाटात बीथोव्हन 'सेन्झा सोर्दिनो'नंतर लगेच 'कॉन सोर्दिनो', म्हणजे सोर्दिनोसह, असं लिहितो, आणि ते डॅम्परबद्दलच आहे.

निशिगंध: माझी मुलगी हेच डिजिटल पियानोवर वाजवते. पेडल दाबून धरलं की बाई रागावतात. मग बाईंचं चुकतं का?

जुनी तार: नाही हो, तिच्या वाद्यावर बाईंचंच बरोबर आहे. खालचे सूर बघा. पहिल्या बारमध्ये सी शार्प, दुसऱ्यात बी, तिसऱ्यात ए आणि एफ शार्प, चौथ्यात जी शार्प. जुन्या वाद्याच्या तारा बारीक, चौकट लाकडी, हातोड्या लहान आणि चामड्याच्या. सूर लवकर विरतो. जी शार्प येईपर्यंत ए जवळजवळ संपलेला असतो, मागे नुसतं धुकं राहतं. आजच्या पियानोची चौकट ओतीव लोखंडाची, तारा जाड आणि ताण खूप जास्त. त्यामुळे ए अजून घुमत असतो आणि शेजारच्या जी शार्पला भिडतो. डिजिटल पियानोतही सहसा आधुनिक पियानोचाच आवाज असतो. बीथोव्हनचा शिष्य चेर्नी यानेही पुढे खर्जाच्या प्रत्येक सुराला पेडल नव्याने घ्यायला सांगितलं.

सायली: पण पेडल बदललं की ते धुकंच जातं ना?

जुनी तार: पूर्ण बदललं तर जातं. म्हणून पुष्कळ जण पेडल किंचितच वर सोडतात. डॅम्पर तारांना निसटते लागतात, आधीचा सूर फिका होतो पण अगदी मरत नाही. जुन्या वाद्यावर हे आपोआप घडायचं, इथे पायाने घडवावं लागतं.

गजधारी: डॅम्परचं पटलं. पण 'तुत्तो', म्हणजे सगळा भाग, असं तो स्पष्ट लिहितो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही डॅम्पर टेकवायचे नाहीत, असा त्याचा हट्ट होता का?

जुनी तार: यावर एकमत नाही. फोर्टेपियानो, म्हणजे त्या काळच्या घडणीचा पियानो, वाजवणारे काही जण ते शब्दशः घेतात. काहींना ती 'या भागात डॅम्पर उचलून वाजवा' अशी सर्वसाधारण सूचना वाटते, आणि ते स्वरमेळ बदलला की दांडा सोडतात. मला पहिला गट पटतो, पण वाद्य तेव्हाच्या घडणीचं असेल तरच.